सत्तर टक्के कुठे गेले?

आर्डुइनो नॅनो ३३ बीएलई या बोटभर बोर्डावर कार्यक्रम साठवायला जागा असते १ मेगाबाइट. कॅमेऱ्यासमोर माणूस आहे की नाही, एवढंच ओळखणाऱ्या छोट्या मोबाइलनेट मॉडेलमध्ये दोन लाखांहून अधिक संख्या असतात. प्रशिक्षणानंतर त्यातली प्रत्येक संख्या चार बाइट खाते, म्हणजे बोर्ड जवळजवळ भरलाच. तीच संख्या आठ बिटांच्या पूर्णांकात बसवली, तर एक बाइट पुरतो.

बसवायचं कसं? −१२८ ते १२७ या २५६ खुणांची एक पट्टी घ्यायची आणि प्रत्येक संख्येला जवळची खूण द्यायची. दोन खुणांमधलं अंतर ०.०१ असेल, तर ०.७३४ ची ०.७३ होते. ही चूक नगण्य वाटते.

पण २०१८ मध्ये गूगलच्या रघुरामन कृष्णमूर्ती यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापात मोठ्या मोबाइलनेटची अचूकता ७०.९ टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर कोसळली. एक हजार प्रकारांतून डोळे मिटून एक निवडला, तरी इतकीच उत्तरं बरोबर येतात!

कारण होतं एकच पट्टी. मोबाइलनेटच्या एका थरात अनेक चॅनल असतात आणि त्यांच्या संख्यांचे आकार फार वेगळे असतात. समजा, एका चॅनलच्या संख्या ±१२.७ पर्यंत जातात आणि शेजारच्या चॅनलच्या ±०.०४ मध्येच राहतात. पहिला सामावण्यासाठी खुणांमध्ये ०.१ चं अंतर ठेवावं लागतं, आणि मग दुसऱ्या चॅनलची प्रत्येक संख्या शून्य होते. तो चॅनल मुकाच होतो. प्रत्येक चॅनलला स्वतःची पट्टी आणि स्वतःचा शून्य दिल्यावर अचूकता पुन्हा सत्तरच्या आसपास आली.

नुकसान मोजताना दोन्ही मॉडेलांना तीच छायाचित्रं द्यावी लागतात, आणि तीही प्रशिक्षणात न वापरलेली. समजा, हजारपैकी मूळ मॉडेलने ८५० ओळखली, आठ बिटांच्या मॉडेलने ८४२. घट ०.८ टक्के. मात्र आत डोकावलं, तर वीस बरोबर उत्तरं चुकलेली आणि बारा चुकीची सुधारलेली असू शकतात. बत्तीस बदलांची अशी वाटणी निव्वळ योगायोगानेही होते. त्यामुळे इथे ठाम निष्कर्षासाठी आणखी छायाचित्रं लागतील. वीसही चुका अंधुक प्रकाशातल्याच असतील, तर मात्र तिथे वेगळं लक्ष द्यायला हवं.

एवढं करूनही बोर्डावर उत्तरं बिघडली, तर दोष बहुधा मॉडेलबाहेर असतो. कॅमेरा प्रत्येक बिंदूची उजळता ० ते २५५ मध्ये देतो, तर मॉडेलला −१२८ ते १२७ हवे असतात. १२८ वजा करायचे राहिले, की उजळ बिंदू ऋण होतात आणि चित्राचा अर्थच पालटतो. म्हणून एकच छायाचित्र बोर्डाच्या स्मृतीत ठेवून तिथलं उत्तर संगणकावरच्या आठ बिटांच्या मॉडेलच्या उत्तराशी ताडून पाहतात. एखाद्या खुणेचा फरक चालतो. त्याहून मोठा दिसला, तर चित्र मॉडेलपर्यंत नेणारा कोड तपासायला घेतात.