पहिला ई-मेल किती मोठा लिहायचा? आधी बघा, तो उघडणार कोण

व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न : "सर, नवीन गिऱ्हाइकाला पहिला मेल किती शब्दांचा पाठवू?" सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. मेल वाचून समोरच्याने कुठलं पाऊल उचलावं असं आपल्याला वाटतं आणि ते उचलण्याआधी त्याच्या मनात किती प्रश्न येतील, यावर लांबी ठरते.

समजा, भोसरीत तुमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. तीन जणांना मेल करायचाय.

पहिला, फरसाणाच्या कारखान्याचा मालक. हा माणूस मेल मोबाईलवर बघतो, तेही काउंटरवर उभं राहून. निर्णय त्याचा एकट्याचा आणि खोकं म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायची गरज नाही. म्हणून असा मेल पुरतो :

"नमस्कार साहेब, तुमचा माल खोक्यांतून बाहेरगावी जातो, हे दुकानावर पाहिलं. आम्ही भोसरीत खोकी बनवतो. दोनशे नगांपासून ऑर्डर घेतो, त्यामुळे तुम्हाला गोदाम भरून ठेवावं लागणार नाही. तुमच्या मापाची दोन खोकी नमुना म्हणून बुधवारी पाठवू का?"

चाळीस शब्दांच्या आत, आणि उत्तर "पाठवा" एवढंच द्यायचंय. यात कंपनीची स्थापना, मशिनरी, "आमचे ध्येय" घुसवलं की मेल गेला खाली!

दुसरा, चाकणच्या कारखान्यातला पर्चेस ऑफिसर. इथे बरेच जण चुकतात. मेल छोटा हवा असं कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून यालाही चाळीस शब्द पाठवतात. पण हा माणूस तुलना करायला बसलेला असतो. तुमचा मेल त्याला कदाचित वरिष्ठांकडे पुढे पाठवायचा असतो आणि तिथे तुमच्या वतीने बोलायला कोणी नसतं. म्हणून प्लाय किती, कागदाचा जीएसएम आणि बीएफ किती, कमीत कमी ऑर्डर, किती दिवसांत डिलिव्हरी, भाडं कुणाकडे, उधारी किती दिवसांची, जीएसटी नंबर आणि उद्यम नोंदणी, हे सगळं पहिल्याच मेलमध्ये द्या. दीडशे शब्द झाले तरी चालतील. फक्त प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे त्याला वाचायला नाही, शोधायला सोपं जाईल. शेवटी एकच विचारा : नवीन व्हेंडर म्हणून नोंदणीचा फॉर्म मिळेल का?

म्हणजे साधी वस्तू असूनही मेल मोठा झाला.

तिसरा मामला अवघड आहे. एक कंपनी सुटे भाग लाकडी पेट्यांतून परदेशी पाठवते आणि तुम्हाला त्याऐवजी सात-प्लायचं जाड खोकं सुचवायचंय. निर्यातीच्या लाकडी पेटीला आयएसपीएम-१५ या नियमाप्रमाणे उष्णता किंवा धुरीची प्रक्रिया करून शिक्का लागतो. पुठ्ठ्याला तो लागत नाही. मुद्दा भारी आहे, पण ऑफर गुंतागुंतीची आहे. क्वालिटी, स्टोअर, डिस्पॅच, शिवाय त्यांचा परदेशातला ग्राहक, सगळ्यांची मान हलायला हवी. मग आपण काय करतो? चारशे शब्द, तीन पीडीएफ.

उलट करा. पहिल्या मेलमध्ये ऑर्डर मिळणारच नाहीये, मिळालं तर एका मापाचं काम मिळेल. साधारण ऐंशी-नव्वद शब्द घ्या. एका ओळीत आयएसपीएमचा मुद्दा, एका ओळीत पेटी हलकी होते हे, आणि एका ओळीत त्याच्या मनातली भीती : जहाजाच्या प्रवासात दमट हवेने पुठ्ठा नरम पडतो, म्हणून आधी चाचणीचा लॉट करू. ही भीती गाळून मेल चाळीस शब्दांत बसवला, तर तो थापा वाटतो. मग मागणी एकच : "एका भागाचं माप आणि वजन कळवाल का?" बाकीचं पुराण उत्तर आल्यावर. आणि हा मेल पर्चेसला नाही, पॅकेजिंग किंवा डिस्पॅच बघणाऱ्याला पाठवा. पर्चेसला पेटीचा दर दिसतो, धुरीचा त्रास डिस्पॅचवाल्याला असतो.

हे शब्दांचे आकडे मराठी मेलचे आहेत. मोठ्या कंपनीला मेल बहुधा इंग्रजीतच जातो, तेव्हा तोच मजकूर थोडे जास्त शब्द खातो. घाबरू नका.

लांबी चुकली की नाही, हे आलेल्या उत्तरांवरून कळतं. "रेट काय? मिनिमम किती?" असे प्रश्न परत येत असतील, तर मेल छोटा पडला, ती ओळ पुढच्या मेलमध्ये घाला. "प्रोफाइल पाठवून ठेवा" असं आलं, तर बहुतेक वेळा तो सभ्य नकार असतो, किंवा तुम्ही नेमकं काय मागताय हे त्याला सापडलं नाही. काहीच उत्तर नसेल, तर लगेच लांबीला दोष देऊ नका. आधी बघा, मेल योग्य माणसाकडे गेलाय का, की info@ वर पडून आहे. एकाच प्रकारच्या वीसेक गिऱ्हाइकांना एकसारखा मेल पाठवा आणि मगच शब्द कमी-जास्त करा. मालक आणि पर्चेसवाले एकाच यादीत मिसळले, तर कुठली लांबी चालली ते कळणारच नाही.