बढतीनंतरची धास्ती : कशानेच न खोडली जाणारी समजूत

आम्ही अठ्ठावीस वर्षं वर्गात शिकवलं आणि एके दिवशी प्राचार्यांच्या खुर्चीत बसलो. हार सुकायच्या आत मनात एकच वाक्य घोळू लागलं : 'यांची निवड चुकली, आणि लवकरच हे सगळ्यांना कळणार.'

या अवस्थेला नाव दिलं पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी, १९७८ साली. त्यांनी अभ्यासलेल्या स्त्रिया कर्तबगार होत्या. पदव्या, मानसन्मान सगळं होतं. तरीही 'आपण लोकांना फसवतोय' ही भावना जात नव्हती. प्रश्न असा, की यश पुढ्यात असताना ती जात का नाही?

आमचंच उदाहरण घ्या. पहिलं अंदाजपत्रक मंडळासमोर मांडायचं होतं. चार रात्री जागलो. बैठक छान झाली. मग मन काय म्हणालं? 'जागरणं केली म्हणून निभावलं.' पुढच्या वेळी तयारीला वेळच मिळाला नाही, तरी बैठक चांगलीच झाली. तेव्हा मन म्हणालं, 'नशीब!' आणि बिघडली असती तर? 'बघा, आम्ही म्हणतच होतो!' म्हणजे काहीही घडलं तरी समजूत शाबूत. कार्ल पॉपर म्हणत, जे विधान कोणत्याही घटनेनं खोटं ठरूच शकत नाही, ते वैज्ञानिक विधान नव्हे. आपली ही धास्ती नेमकी तशी असते.

म्हणून तिला खोटं ठरण्याची संधी द्यायची. आम्ही एक वही केली. बैठकीच्या आदल्या दिवशी लिहायचं : काय बिघडेल असं वाटतंय, आणि ते बिघडलं हे कशावरून ओळखायचं. तयारीचे तासही आधीच ठरवायचे, समजा तीन, आणि तिथंच थांबायचं. बैठक झाली की त्याच संध्याकाळी, मनाने सबब शोधायच्या आत, काय घडलं ते शेजारी लिहायचं.

वहीत दोन प्रकारची वाक्यं दिसली. 'आपण या पदाला लायक नाही' हे पुन्हापुन्हा येई, पण काय घडलं म्हणजे ते खरं, हे लिहिता येईना. दुसरं होतं : 'ताळेबंद वाचता येत नाही.' हे मात्र खरंच होतं! एका सदस्यानं येणे रकमेबद्दल विचारलं आणि आम्ही गप्प. दुसऱ्या दिवशी लेखापालांपाशी जाऊन बसलो, म्हटलं, 'साहेब, पहिल्या ओळीपासून समजवा.' पंधरवड्यात वाचता आला.

सगळीच भीती भ्रम नसते, हे ध्यानात ठेवा. जिथं उणीव नाव घेऊन सांगता येते, तिथं शिकायला बसावं. नाव सांगता येत नसेल, तर वहीतला उजवा रकाना वाचावा. आणि झोप उडाली, कामावर जाणंच नको झालं, तर वहीवर विसंबू नये; डॉक्टरांना भेटावं.