पाडव्याच्या आदल्या दिवशी दह्याला तार सुटली: भातकुलीच्या एका मिठाईवाल्याची गोष्ट

मिठाईचं, दुग्धपदार्थांचं दुकान चालवणारे किंवा टाकायच्या तयारीत असलेले बरेच जण आपल्यासोबत आहेत. आजची गोष्ट खास त्यांच्यासाठी. गोष्ट रचलेली आहे. त्यातले भाव गोष्टीपुरते धरलेत. पण दह्याचं जे काही घडतं, ते कोणत्याही दुकानात अगदी असंच घडू शकतं.

दुकान भातकुलीचं, अमरावतीपासून जवळच. मालकाला आपण नुसतं 'भाऊ' म्हणू. गुढीपाडव्यासाठी भाऊंकडे २५ किलो श्रीखंडाची ऑर्डर आहे, निम्मे पैसे आगाऊ घेतलेत. हिशोब साधा आहे. म्हशीच्या एक लिटर दुधातून साधारण ४०० ग्रॅम चक्का निघतो. ३५ लिटर दुधाचा १४ किलो चक्का, त्यात ११ किलो साखर, झालं २५ किलो श्रीखंड.

सकाळी साडेनऊ: चमचा उचलला आणि तार आली

आदल्या रात्री चार पसरट पातेल्यांत दही लावलेलं. सकाळी भाऊंनी झाकण काढलं. वरून दही ठीक दिसत होतं. चमचा घालून उचलला तर दह्याचा गोळा पडायच्या ऐवजी मधासारखी लांब तार आली. चारही पातेल्यांत तेच.

कारागीर म्हणाला, "भाऊ, फेटून टाकू न. साखर पडल्यावर कोनाले समजते?"

तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. जोरात फेटलं की तार तुटते, दही पातळ दिसतं. पण भाऊंनी आधी दोन किलो दही कापडात बांधून टांगलं. अर्धा तास झाला तरी खाली ठेवलेल्या भांड्यात जेमतेम पेलाभर पाणी.

"हे पाय," भाऊ म्हणाले, "पानीच नाही निघून राह्यलं. चक्का कुठून आनू मग?"

ही कापडाची चाचणी लक्षात ठेवा. ज्या चिकट पदार्थामुळे तार येते, तोच पदार्थ दह्यातलं पाणी धरून ठेवतो. त्यामुळे अशा दह्याचा चक्का नीट बनत नाही. फेटून तार लपेल, पण श्रीखंड सैलच राहील आणि डब्यात पाणी सोडेल.

तार येते कुठून?

दूध आंबवणारे जंतू एकाच जातीचे नसतात. काही जातींना ऊब लागते, चाळीस अंशांच्या आसपास त्या जोमाने वाढतात आणि घट्ट, सुरीने कापता येईल असं दही देतात. काहींना वीस ते तीस अंशांचा थंडावा मानवतो. यातल्या काही जाती वाढताना दुधातल्या साखरेपासून चिकट पदार्थ तयार करून बाहेर सोडतात. तीच तार. फिनलंडमध्ये 'विली' नावाचं दही मुद्दाम असं तारेचं करतात, आणि ते लावतात वीसेक अंशांवर. म्हणजे तार नेहमीच विषारी असते असं नाही. पण आपल्याला श्रीखंडासाठी ती नको आहे.

आता भाऊंच्या रात्रीकडे वळू. दूध आठ वाजता उकळून उतरवलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून विरजण लावायला साडेअकरा वाजले. मार्चअखेरचा वऱ्हाडातला उकाडा, त्यामुळे कारखान्यात कूलर चालू. पसरट पातेल्यांतलं दूध तोवर पार थंड झालं होतं. त्यात विरजण पडलं आणि पातेली रात्रभर कूलरच्या वाऱ्यात राहिली. ऊब मागणारे जंतू मागे पडले, थंडाव्यातल्यांना रान मोकळं मिळालं.

दुसरं कारण विरजणाचं. भाऊ तीन महिन्यांपासून विक्रीच्या पातेल्यात उरलेलं दहीच रोज विरजण म्हणून वापरत होते. ते पातेलं दिवसभर उघडं, त्यात दहा वेळा डाव पडणार. बाहेरचा एखादा जंतू आत शिरला की रोजच्या विरजणासोबत तोही रोज पुढच्या बॅचमध्ये जातो. मग एका थंड रात्रीची काय ती वाट.

तिसरं कारण भांड्यांचं, आणि ते भातकुलीत जास्त लागू पडतं. हा भाग खारपाणपट्ट्यात येतो. खाऱ्या, जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि दुधाच्या भांड्याला आतून पांढुरका खरखरीत थर धरतो. हा थर हाताला लागतो, डोळ्याला चटकन दिसत नाही. त्यात जंतू लपून राहतात आणि नुसत्या घासण्याने जात नाहीत.

ते दही विकायचं का?

भाऊंनी वास घेतला. आंबट, स्वच्छ वास. बुडबुडे नाहीत, रंग बदललेला नाही. असं असेल तर तार बहुधा आंबवणाऱ्या जंतूंचीच असते. दुर्गंध, बुडबुडे, कडवट चव किंवा गुलाबी-पिवळे डाग दिसले तर विचारच करायचा नाही, ते थेट टाकून द्यायचं. कारण घाणीतून येणारे काही जंतूसुद्धा तार आणतात. आणि चांगल्या वासाच्या दह्यातही नेमका कोणता जंतू आहे हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. म्हणून भाऊंनी ते गिऱ्हाइकाला द्यायचं नाही असं ठरवलं. त्यातला एक चमचासुद्धा विरजण म्हणून ठेवला नाही.

उलट्या घड्याळाचं गणित

आता दहा वाजलेत. भाऊंनी कागदावर घड्याळ उलटं मांडलं. डबे सकाळी नऊला द्यायचे, तर चक्का सहाला हातात हवा. टांगायला दहा तास, म्हणजे रात्री आठला दही तयार हवं. दही लागायला सहा तास, म्हणजे दुपारी दोनच्या आत विरजण पडलं पाहिजे. दूध उकळून कोमट व्हायला दोन तास. थोडक्यात, बाराला दूध गॅसवर चढलं तर जमतं, नाहीतर नाही.

सकाळचं दूध गावातून निघून गेलं होतं. गवळ्याकडे वीस लिटर उरलं होतं. उरलेलं पंधरा लिटर थैलीचं फुल क्रीम दूध अमरावतीहून आणलं. त्याचा उतारा किंचित कमी, हे गृहीत धरलं.

विरजणाची खरी अडचण होती. भाऊंनी दोन ठिकाणांहून आणलं: शेजारच्या मावशींच्या घरचं घट्ट दही आणि डेअरीचं ताजं, साधं पाकीटबंद दही. दोन्हींची आधी चमच्याची चाचणी घेतली. मग दोन पातेल्यांना एक, दोन पातेल्यांना दुसरं लावलं. एक फसलं तरी निम्मा माल हातात राहील.

तोवर कारागिराने भांडी लिंबूसताच्या गरम पाण्याने घासून थर काढला, मग धुण्याच्या सोड्याने धुऊन उकळतं पाणी फिरवलं. चक्क्याचं कापड दहा मिनिटं उकळून उन्हात टाकलं.

दूध उकळल्यावर दहा मिनिटं ढवळत उकळतं ठेवलं. थर्मामीटरवर ४२ अंश दिसले तेव्हा विरजण घातलं, लिटरला २० ग्रॅम, म्हणजे एकूण ७०० ग्रॅम. आधी थोड्या दुधात फेटून, मग सगळ्यात. पातेली झाकून पोत्यांत गुंडाळली. कूलर बंद.

साडेसातला झाकण काढलं. चमचा घातला, गोळा तुटून पडला. कडेला पाणी स्वच्छ, हिरवट. चारही पातेली ठीक निघाली. पहिले तीन तास कापडात टांगून, पुढे रात्रभर चाळणीच्या भांड्यात वजन ठेवून फ्रिजमध्ये. मार्चच्या उकाड्यात रात्रभर बाहेर टांगलं असतं तर चक्का जास्त आंबला असता.

पैशांचं काय झालं?

भाऊंनी एक काम दुपारी बारालाच केलं होतं: मोठ्या गिऱ्हाइकांना फोन. "सकाळी सातला नाही, नऊला देतो. पहिलं दही मनासारखं लागलं नाही म्हणून नव्यानं लावतोय." एकाने दोन किलो श्रीखंडाच्या ऐवजी आगाऊ रक्कम परत मागितली, ती लगेच दिली.

सकाळी चक्का निघाला १३ किलो. १० किलो साखर घालून २३ किलो श्रीखंड झालं. ३२० रुपये किलोने ७,३६० रुपये आले. खर्च असा: टाकलेलं दूध २,४५०, नवीन दूध २,५००, साखर ४५०, गॅस, डबे आणि अमरावतीची फेरी मिळून ७००. एकूण ६,१००. उरले १,२६० रुपये.

सगळं सुरळीत झालं असतं तर साडेचार हजारांच्या आसपास उरले असते. म्हणजे त्या तारेची किंमत सव्वातीन हजाराच्या जवळपास. थर्मामीटर आणि विरजणाची वेगळी वाटी याच्यापुढे काहीच नाही.

तुम्ही काय बदलाल?

पहिलं, विरजण विक्रीच्या पातेल्यातून घेऊ नका. रोज उकळलेल्या दुधाची एक वेगळी झाकणाची वाटी लावा, तीच उद्याचं विरजण. दर आठवड्याला ते ताज्या, खात्रीच्या दह्याने नवीन करा.

दुसरं, दूध ४० ते ४२ अंशांवर असतानाच विरजण घाला आणि लागेपर्यंत तेवढीच ऊब ठेवा. गिऱ्हाईक आलं म्हणून दूध गार झालं असेल, तर पुन्हा कोमट करा, मगच लावा.

तिसरं, सणाचं दही दोन दिवस आधी लावा आणि चक्का फ्रिजमध्ये ठेवा. भाऊंना दुसरी संधी मिळाली ती नशिबाने, गवळ्याकडे दूध शिल्लक होतं म्हणून.

आणि एक वही ठेवा. तारीख, विरजण कुठलं, दुधाचं तापमान, किती तासांत लागलं, चमच्याला तार आली का, एवढंच. दही लागायला रोजच्यापेक्षा तास-दीड तास जास्त लागायला लागला, तर विरजण थकतंय हे समजा. अशी तार एका रात्रीत क्वचित येते. तिची चाहूल आधीच वहीत दिसू शकते.

आज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी तुमच्या दह्यात चमचा घालून बघा. काय दिसलं ते कमेंटमध्ये नक्की लिहा.