बीएमआर संध्याकाळी भरायचा नसतो

छोट्या औषध कारखान्यांत मी एक वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकताच चीड येते : "सर, लॅबचा रिपोर्ट पास आहे ना? मग बीएमआर तेव्हा भरला काय नि संध्याकाळी भरला काय!" बीएमआर म्हणजे बॅच मॅन्युफॅक्चरिंग रेकॉर्ड, एका बॅचच्या उत्पादनाची पानोपानी सह्या असलेली नोंद. ती इन्स्पेक्टरला दाखवण्यासाठी शेवटी पूर्ण करायची असते, हा समज साफ चुकीचा आहे.

कायद्याचा मुद्दा आधी संपवू. नोंद प्रत्येक कृतीच्या वेळीच करावी, असं शेड्यूल एममध्ये सुधारणेच्या आधीही लिहिलेलं होतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, नोंद त्याच वेळी का हवी हे एका बॅचवर दिसतं.

पॅरासिटामॉल ५०० मिलीग्रॅमची २ लाख गोळ्यांची बॅच धरा. एका गोळीचं वजन ६०० मिलीग्रॅम, म्हणजे १२० किलो मिश्रण. २७ स्टेशनचं रोटरी मशीन मिनिटाला ३० फेऱ्यांनी चाललं, तर मिनिटाला ८१० गोळ्या पडतात आणि अर्ध्या तासात २४,३००. दर अर्ध्या तासाने २० गोळ्यांचं एकत्र वजन घ्यायचं. ते १२ ग्रॅम यायला हवं आणि कारखान्याने ठरवलेली मर्यादा ११.७६ ते १२.२४.

११ वाजता वजन ११.९८ आलं. साडेअकराला ११.७० आलं, मर्यादेच्या खाली. हॉपरमधला माल कमी झाल्यावर किंवा त्यात बारीक भुकटी जास्त आल्यावर असं होतं. अशा वेळी मशीन थांबवायचं, सुपरवायझरला बोलवायचं आणि ११ ते साडेअकरादरम्यान पडलेल्या गोळ्या, सुमारे साडेचौदा किलो, वेगळ्या ड्रममध्ये लेबल लावून ठेवायच्या. ११ वाजेपर्यंतचा माल चांगला आहे, हे सांगणारी ११ची नोंद हाताशी असते म्हणूनच हे जमतं. ती नोंद संध्याकाळी आठवून लिहिणार असाल, तर खराब माल कुठल्या ड्रमात गेला ते कोणालाच सांगता येणार नाही.

"पण लॅब पकडेल की!" लॅब वजनासाठी २० गोळ्या घेते. दोन लाखांमधल्या त्या वीस नेमक्या त्या अर्ध्या तासातल्या असतीलच, असं नाही. लॅबचा रिपोर्ट मशीनवरच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

नंतर भरलेला बीएमआर ओळखणंही अवघड नसतं. सगळ्या वेळा बरोबर :०० आणि :३० ला, सगळं एकाच पेनाने, एकाच दाबाने लिहिलेलं. मग मशीनचं लॉगबुक शेजारी ठेवायचं. पंच बदलण्यासाठी १२:१० ते १२:५० मशीन बंद, असं तिथे लिहिलेलं असतं आणि बीएमआरमध्ये १२:३०ची तपासणी सहीसकट हजर असते! बंद मशीनमधून गोळ्या कुठून आल्या?

यातला बराच दोष माणसांपेक्षा फॉरमॅटचा आहे. वेळेच्या रकान्यात आधीच १०:००, १०:३० छापलेलं असलं की माणूस तेच खरं धरून पुढे लिहितो. वेळेचा रकाना कोरा ठेवा, तो घड्याळ बघून भरू द्या. मर्यादा मात्र छापा. वजनाबरोबर कडकपणा, जाडी, गोळीच्या विघटनाची वेळ यांचे रकाने द्या. मशीन कधी थांबलं, का थांबलं आणि त्या वेळचा माल कुठे ठेवला, यासाठी त्याच पानावर जागा द्या. ही जागा बहुतेक फॉरमॅटमध्ये नसते, म्हणून खरी गडबड नोंदीत येतच नाही. वजनकाट्याची चिठ्ठी थर्मल कागदावर असेल तर अक्षरं उडतात, तेव्हा तिची सही केलेली झेरॉक्स जोडा.

बाकीचे समज थोडक्यात. केलं कोणी आणि तपासलं कोणी या दोन्ही जागी एकाच माणसाची सही चालते? नाही, मग तपासणी झालीच नाही. चूक झाली की व्हाइटनर लावावं? नाही, एक रेघ मारावी, जुना आकडा वाचता यायला हवा, शेजारी कारण, सही, तारीख. दहा रकान्यांना एक उभी रेघ आणि खाली एक सही? दहा तपासण्या, दहा सह्या. उत्पादन दरवेळी ९८ टक्के आलं तर काम चांगलं? आकडा दरवेळी तोच येत असेल, तर ड्रमांची वजनं घेऊन तो काढला होता का, हे आधी विचारा.

आणि लहान युनिटला शेड्यूल एमची सूट आहे, हाही समज खोटाच. २५० कोटींपर्यंतच्या उलाढालीच्या कारखान्यांना सुधारित शेड्यूल एमसाठी जास्त वेळ मिळाला होता, मुदतवाढीच्या अटी पाळणाऱ्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. बॅच चालू असताना नोंद करायची ही अट मात्र त्या कारखान्यांवर जुन्या नियमांतही होतीच.