चाळीस रकान्यांतला फलंदाज

टी-ट्वेन्टीतल्या फलंदाजाच्या एका हंगामाची आकडेवारी मांडली, तर स्ट्राइक रेट, सरासरी, चौकार-षटकारांचे प्रमाण, निर्धाव चेंडूंची टक्केवारी, पॉवरप्लेमधला वेग, शेवटच्या षटकांतला वेग, फिरकीविरुद्धच्या धावा असे तीस-चाळीस रकाने सहज भरतात. पण त्यातले बरेच रकाने एकमेकांचे सोबती असतात. ज्याचे चौकार-षटकार जास्त, त्याचा स्ट्राइक रेटही बहुधा जास्तच असतो. म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. ही पुनरुक्ती शोधून चाळीस रकान्यांचे काम तीन-चार नव्या आकड्यांत भागवणारी पद्धत म्हणजे प्रिन्सिपल कॉम्पोनंट अ‍ॅनालिसिस, थोडक्यात पीसीए. कार्ल पिअर्सन यांनी तिचा भूमितीय पाया १९०१ मध्ये मांडला, आणि हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये तिला आजचे नाव आणि रूप दिले.

पहिले काम सगळे आकडे एका मापात आणण्याचे. स्ट्राइक रेट १३५ च्या आसपास फिरतो, सरासरी २८ च्या. ते जसेच्या तसे घेतले, तर केवळ मोठ्या फरकांमुळे स्ट्राइक रेट बाकीच्यांवर कुरघोडी करील. म्हणून प्रत्येक रकान्यात गटाच्या मध्यापासून खेळाडू किती लांब आहे ते पाहायचे आणि त्या रकान्याच्या प्रमाण विचलनाने भागायचे. गटाचा मध्य १३५ आणि प्रमाण विचलन १२ असेल, तर १५३ च्या स्ट्राइक रेटला +१.५ गुण मिळतात. मध्य २८ आणि विचलन ६ असताना २३.८ ची सरासरी −०.७ होते. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात.

पुढचा प्रश्न, कोणते रकाने एकत्र हलतात? त्यासाठी प्रत्येक जोडीचा सहसंबंध काढतात. तो −१ ते +१ च्या दरम्यान असतो. सोयीसाठी चारच रकाने घेऊ: स्ट्राइक रेट, चौकार-षटकारांचे प्रमाण, सरासरी आणि दर डावातल्या धावा. समजा, पहिल्या दोघांचा आपसातला सहसंबंध ०.८ आहे, शेवटच्या दोघांचाही ०.८, आणि एका जोडीतल्या कोणत्याही रकान्याचा दुसऱ्या जोडीतल्या रकान्याशी केवळ ०.२. हे आकडे कोणत्याही खऱ्या स्पर्धेचे नाहीत, पण त्यांवर गणित हाताने करता येते.

प्रत्येक खेळाडू हा एक ठिपका मानला, तर सगळे मिळून ठिपक्यांचा एक ढग तयार होतो. तो ज्या दिशेला सर्वांत जास्त पसरला आहे, ती दिशा हा पहिला अक्ष. त्याला काटकोनात असलेल्या दिशांपैकी जिथे उरलेला पसारा सर्वांत जास्त, ती दुसरी. आपल्या चार रकान्यांचा एकूण पसारा ४ धरतात, कारण प्रत्येकाचा वाटा १ असतो. पहिल्या अक्षावर त्यातला २.२ भाग येतो, म्हणजे ५५ टक्के. दुसऱ्यावर १.४, म्हणजे ३५ टक्के. उरलेल्या दोन अक्षांच्या वाट्याला प्रत्येकी ०.२ एवढेच येते. चार आकड्यांतली ९० टक्के माहिती दोन आकड्यांत मावली.

हे अक्ष सांगतात काय, ते त्यांच्या भारांकांवरून कळते. पहिल्या अक्षात चारही रकान्यांचा भारांक +०.५ येतो, सगळेच चांगले असेल तर गुण वाढतात, म्हणून त्याला ‘एकूण फलंदाजी’ म्हणता येईल. दुसऱ्यात वेगाच्या दोन रकान्यांना +०.५ आणि धावांच्या दोन रकान्यांना −०.५ मिळतात. तो गुणवत्ता मोजतच नाही, खेळण्याची रीत मोजतो: एका टोकाला झटपट फटकेबाजी, दुसऱ्या टोकाला डाव उभारणे.

आता दोन काल्पनिक फलंदाज घ्या. पहिल्याचे गुण अनुक्रमे +१.५, +१.१, −०.७, −०.५. दुसऱ्याचे −०.८, −०.६, +१.३, +१.५. दोघांच्याही चारही गुणांची बेरीज १.४ येते, म्हणून पहिल्या अक्षावर दोघेही बरोबर ०.७ वर. दुसऱ्या अक्षावर मात्र पहिला +१.९ वर आणि दुसरा −२.१ वर जातो. एकाच क्रमवारीत ज्यांना बरोबरीचे ठरवले असते, ते दोघे इथे दोन टोकांना दिसतात. संघात फिनिशरची जागा रिकामी असेल, तर कोणाचे नाव पुढे येईल हे उघड आहे.

खऱ्या स्पर्धेतले एक उदाहरण संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नेहमी येते: १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमधली महिलांची हेप्टॅथलॉन. सात प्रकार, २५ खेळाडू, आणि ७२९१ गुणांचा विश्वविक्रम करून जिंकलेली जॅकी जॉयनर-कर्सी. शर्यतीत कमी वेळ चांगला असतो, म्हणून आधी धावण्याच्या आकड्यांची दिशा उलटवून घेतात. मग पीसीए केल्यावर पहिल्या अक्षात सुमारे ६४ टक्के पसारा येतो, आणि त्या अक्षावरचा क्रम अधिकृत गुणांशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. गंमत भालाफेकीची आहे. पहिल्या अक्षात तिचा भारांक नगण्य, आणि दुसऱ्या अक्षात सर्वांत मोठा. धावणे आणि उड्या एकत्र चालतात. भाला वेगळ्याच वाटेने जातो.

पद्धत फसते ती बहुतेक वेळा रकाने निवडतानाच. वरच्या उदाहरणात षटकारांचे प्रमाण आणि शेवटच्या षटकांतला वेग असे आणखी दोन रकाने टाकले, तर वेगाच्या बाजूचे चार आणि धावांचे दोनच होतात. पहिला अक्ष लगेच वेगाकडे झुकतो. खेळ बदललेला नसतो, तक्ता करणाऱ्याची आवड बदललेली असते. शिवाय पीसीए फक्त पसारा पाहते. सामना कशाने जिंकला जातो हे तिला ठाऊक नसते. खेळाडूंमध्ये सर्वांत मोठा फरक ज्यात आहे, ती गोष्ट सर्वांत मोलाची असेलच असे नाही.

दुसरा धोका थोडक्या चेंडूंचा. हंगामात पंधराच चेंडू खेळून ३३ धावा काढणाऱ्याचा स्ट्राइक रेट २२० होतो. असा एक ठिपका ढगापासून इतका दूर पडतो की अक्षालाच आपल्याकडे ओढतो. त्यामुळे किमान चेंडूंची अट घालणे भाग असते. सलामीचे आणि सातव्या क्रमांकाचे फलंदाज एकत्र घातले, तर पहिला अक्ष कौशल्याऐवजी फलंदाजीचा क्रमच मोजू लागतो. ते दोन गट वेगळे ठेवलेले बरे. उणे-अधिक चिन्हांचे मात्र फार मनावर घेऊ नये. संगणक पूर्ण अक्ष उलटा देऊ शकतो, आणि तोही तितकाच बरोबर असतो.

अक्षांना दिलेली ‘फटकेबाजी’ किंवा ‘संयम’ ही नावे माणसाने ठेवलेली असतात, गणिताने नव्हे. त्यामुळे असा आलेख समोर आला की आधी भारांकांचा तक्ता मागावा. मग मागच्या हंगामाच्या आकड्यांवर तेच गणित पुन्हा करून पाहावे. भारांक जवळपास तेच आले, तर नाव टिकते. ते उलटसुलट झाले, तर तो अक्ष त्या एका हंगामाचा योगायोग होता आणि त्याच्या आधारे खेळाडूची निवड करू नये.