समजून घ्या : टाइमलाइन, लेयर, की-फ्रेम म्हणजे काय? 10 सेकंदांची रील 9 सेकंदांची का होते?

मेहकर : शारंगधर बालाजी मंदिर आणि पैनगंगा नदी यांच्या 5-5 सेकंदांच्या दोन क्लिप जोडून रील करायची आहे, असे समजू.

ॲपमध्ये या क्लिप ज्या पट्टीवर वेळेनुसार लागतात, ती टाइमलाइन. तिच्यातील एकाखाली एक ओळी म्हणजे ट्रॅक. एकावर व्हिडिओ, दुसऱ्यावर गाणे. चित्रांचे आणि अक्षरांचे ट्रॅक एकमेकांवर थरासारखे बसतात, ते लेयर. वरचा लेयर खालच्याला झाकतो. ‘मेहकर’ हे नाव टाकूनही दिसत नसेल, तर ते व्हिडिओखाली गेले आहे का, हे आधी पाहावे.

नाव हळूहळू मोठे करायचे असेल तर की-फ्रेम लागते. पहिल्या सेकंदाला आकार 100 टक्के आणि तिसऱ्या सेकंदाला 130 टक्के अशा दोन खुणा केल्या की मधले आकार ॲप स्वतः भरते. एकच खूण केली तर नाव हलत नाही.

खरी गफलत ट्रान्झिशनमध्ये होते. डिझॉल्व्ह या प्रकारात एक दृश्य विरत असतानाच दुसरे उमटते, म्हणजे तेवढा वेळ दोन्ही क्लिप एकत्र चालतात. त्यामुळे 1 सेकंदाचा डिझॉल्व्ह दिल्यावर काही ॲपमध्ये रील 9 सेकंदांचीच उरते आणि गाण्याचा ठेका चुकतो. काही सॉफ्टवेअर लांबी 10 सेकंदच ठेवतात. पण त्यासाठी जोडाच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेकंद जादा चित्रीकरण लागते. ते नसेल तर चित्र क्षणभर गोठते. म्हणून शूटिंग 6 सेकंदांचे करावे आणि दोन्ही टोके अर्धा-अर्धा सेकंद कापून 5 सेकंद वापरावेत.