आठ ठिपके एकाच बाजूला

भोसरी किंवा सातपूरच्या एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये शिरलात, तर लेथशेजारी क्लिपबोर्डला अडकवलेला एक आलेख दिसण्याची शक्यता बरीच. मधे एक आडवी रेघ, तिच्या वर आणि खाली एकेक तुटक रेघ आणि पेनने जोडत नेलेले ठिपके. याला कंट्रोल चार्ट म्हणतात. मे 1924 मध्ये अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना दिलेल्या जेमतेम एक पानी टिपणात तो पहिल्यांदा मांडला.

समजा, सीएनसी लेथवर 20 मिमी व्यासाचा शाफ्ट निघतोय. 20 मायक्रॉन इकडेतिकडे झालेलं चालेल, असं ड्रॉइंग सांगतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऑपरेटर दर तासाला सलग पाच जॉब उचलून मायक्रोमीटरने मोजतो. पाचांच्या सरासरीचा एक ठिपका वरच्या आलेखावर पडतो. पाचांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांतला फरक खालच्या आलेखावर.

आता रेघा कुठून आल्या ते पाहू. मशीन सुरळीत असतानाचे पंचवीसेक ठिपके घेतले, त्यांची सरासरी आली 20.002. ही मधली रेघ. फरकांची सरासरी आली 10 मायक्रॉन. पाचच्या नमुन्यासाठी ठरलेला गुणक आहे 0.577, म्हणजे मधल्या रेघेपासून साधारण 6 मायक्रॉनवर सीमारेघा: वर 20.008, खाली 19.996. यात ड्रॉइंगमधला आकडा कुठेच आला नाही. गिऱ्हाइकाला काय हवंय ते ड्रॉइंग सांगतं. मशीन स्वभावतः किती हलतं ते या रेघा सांगतात. ड्रॉइंगची टॉलरन्सच चार्टवर आखून ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक, आणि मग पुढचं काहीच दिसत नाही.

एक ठिपका सीमेबाहेर गेला तर कुणाच्याही लक्षात येतं. खरी गंमत आतल्या ठिपक्यांत असते. लेथवर इन्सर्टचं टोक हळूहळू झिजतं, जॉबपर्यंत पूर्वीइतकं पोचत नाही आणि बाहेरचा व्यास वाढत जातो. ठिपके असे पडतात: 20.003, 20.004, 20.003, 20.005, 20.004, 20.005, 20.006, 20.006. एकही सीमेबाहेर नाही, पण आठही मधल्या रेघेच्या वर. काहीच बदललं नसेल, तर ठिपका वर किंवा खाली पडण्याची शक्यता नाण्याच्या छापा-काट्याइतकी. सलग आठ छापे 256 वेळांत एकदा पडतील. म्हणून आठवा ठिपका पडला की योगायोग म्हणून सोडून न देता इन्सर्ट तपासायचा. उशीर परवडत नाही, कारण ठिपका म्हणजे सरासरी. सुटे जॉब तिच्याभोवती साधारण 13 मायक्रॉनपर्यंत पसरलेले असतात. सरासरी 20.006 झाली, तर मोठ्यात मोठा जॉब 20.019 च्या आसपास असणार. आणखी थोडं सरकलं की रिजेक्शन सुरू.

झीज अशी हळूहळू होते; चुकीचा ऑफसेट भरला गेला तर उडी एकदम पडते. तेव्हा आठ ठिपक्यांची वाट कशाला पाहायची? मधल्या रेघेपासून सीमेपर्यंतचे तीन सारखे पट्टे करा. सलग तीनपैकी दोन ठिपके एकाच बाजूच्या सर्वांत बाहेरच्या पट्ट्यात किंवा त्याहीपलीकडे गेले, तर तोही इशारा समजतात. चकमध्ये जॉब नीट धरला जात नसेल, तर सरासरी जागेवर राहून खालच्या आलेखातला फरक वाढू शकतो. तो पाहायला बरेच जण विसरतात.

याउलट, सलग पंधरा ठिपके मधल्या रेघेला बिलगून असतील तर खूश होऊ नका. सीमा जुन्या झाल्या असतील, नमुना चुकीच्या पद्धतीने उचलला जात असेल, नाहीतर ऑडिटच्या आदल्या रात्री कुणीतरी कागद बसून भरला असेल. खऱ्या मशीनचे ठिपके इतके शहाणे नसतात.

आणि इशारा नसताना हात लावायचा नाही. एक जॉब 4 मायक्रॉन मोठा आला म्हणून ऑफसेट 4 ने कमी, पुढचा लहान आला म्हणून परत वाढव, हे कष्टाळू ऑपरेटरचं आवडतं काम. दर जॉबला अशी दुरुस्ती केली, तर मापांचा पसरटपणा सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो.

खोटे इशारेही येतात. निव्वळ सीमारेघा पाहिल्या तर सुमारे 370 ठिपक्यांत एकदा. सोबत जितके नियम लावाल तितके जास्त. म्हणून लहान शॉपने आधी दोनच नियम पाळावेत: सीमेबाहेरचा एक आणि एका बाजूचे सलग आठ. इशारा आला की काय सापडलं ते त्याच ठिपक्याशेजारी पेनने लिहून ठेवा. ‘इन्सर्ट बदलला’ एवढे दोन शब्दही पुरतात.